विषय: ५०×५०×६ अँगलच्या वजनातील तफावतीबाबत (चलन क्र. ४१८)

सप्रेम नमस्कार शेठ,

मंगळवारी आपल्याकडून आलेल्या मालापैकी ५०×५०×६ मिमी अँगलच्या वजनाबद्दल मला शंका आली असून, ती फोनवर बोलण्यापेक्षा आकड्यांसह लेखी कळवणे बरे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. चलनाप्रमाणे सहा मीटरचे १०० नग आणि वजन २,७०० किलो आहे. नग मोजून घेतले, ते बरोबर १०० भरले आणि लांबीतही खोट नाही. प्रश्न फक्त वजनाचा आहे.

माल उतरल्यावर तीन नग लगेच कटिंगला घेतले, तेव्हा कारागीर म्हणाला की तुकडा हाताला हलका लागतो आहे. नुसत्या हाताच्या अंदाजावर बोलणे योग्य नाही, म्हणून एक मीटरचा तुकडा काट्यावर ठेवून पाहिला, तो ४.०४ किलो भरला. या मापाच्या अँगलचे तक्त्यातील वजन मीटरला ४.५ किलो, म्हणजे सहा मीटरच्या नगाला २७ किलो, हे आपल्याला मी सांगायला नको. त्यानंतर पाचही बंडलांमधून दोन-दोन असे दहा पूर्ण नग काढून एकेक वजन केले. सर्वात हलका २४ किलो, सर्वात जड २४.६ किलो आणि दहा नगांची बेरीज २४२.६ किलो झाली. याच सरासरीने १०० नगांचे वजन साधारण २,४२६ किलो होते, म्हणजे चलनापेक्षा सुमारे २७४ किलो कमी, शेकडा दहा.

काट्यात दोष असेल ही शक्यता मीही आधी तपासली. त्यावर २० किलोचे प्रमाणित वजन ठेवले ते बरोबर दाखवले, आणि त्याच गाडीतून आलेली ४०×६ ची पट्टी वजन केली तर सहा मीटरचा नग ११.३ किलो, म्हणजे जेवढा हवा तेवढाच भरला. मग व्हर्नियर लावून अँगलची जाडी पाहिली. कडा गोलसर असल्याने तिथे माप कमी येते, म्हणून कडेपासून थोडे आत घेऊन मोजले, तरीही जाडी ५.३ ते ५.५ मिमीच्या दरम्यान आली. दोन्ही बाजूंची रुंदी जवळपास ५० मिमीच आहे, तेव्हा वजन कुठे कमी झाले ते यावरून उघड होते. रोलिंगमध्ये थोडे कमी-जास्त होतेच, आणि शेकडा दोन-अडीचचा फरक असता तर मी हा विषय काढला नसता.

एक गोष्ट मात्र मला खटकली, ती स्पष्टच लिहितो. आपला व्यवहार काट्याच्या वजनावर ठरलेला आहे आणि चलनावरही ‘काट्याप्रमाणे’ असेच लिहिले आहे. पण २,७०० हा आकडा १०० नग, सहा मीटर आणि ४.५ किलो यांच्या गुणाकाराइतकाच आहे, किलोचाही फरक नाही. भरलेल्या गाडीचा काटा इतका नेमका गुणाकारावर येणे अवघड आहे. कदाचित गडबडीत आपल्या माणसाने तक्त्यावरून वजन लिहिले असेल, मी तसेच समजतो. तरी भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या काटापावत्या पाठवाव्यात, कारण गाडीबरोबर त्या आल्या नव्हत्या.

वजनाचा हिशेब क्रेडिट नोटने मिटेल, पण जाडीचा मिटणार नाही. हा अँगल पाण्याच्या टाकीच्या स्टँडला लागणार आहे, ड्रॉइंगमध्ये सहा मिमी लिहिलेले आहे आणि ग्राहकाचा इंजिनिअर स्वतः व्हर्नियर घेऊन येतो. म्हणून हा माल कोणत्या मिलचा आहे आणि त्याचे टेस्ट सर्टिफिकेट काय सांगते, तेही कळवावे. कटिंग त्याच दिवशी थांबवले असून उरलेले ९७ नग तारा पुन्हा बांधून वेगळे ठेवले आहेत आणि कापलेल्या तीन नगांचे तुकडेही जपून ठेवले आहेत.

माझी विनंती अशी की, आपण आपला माणूस पाठवावा आणि दोघांसमोर सगळ्या नगांचे वजन व्हावे. माझा काटा नको असेल तर आपण सुचवाल त्या वजनकाट्यावर माल नेण्याची माझी तयारी आहे. वजन कमी ठरले आणि जाडीही अशीच निघाली, तर हे ९७ नग परत घेऊन पूर्ण सहा मिमीचा माल द्यावा, आणि कापलेल्या तीन नगांचा आकार प्रत्यक्ष वजनाने लावावा. पट्टीचे पैसे नेहमीप्रमाणे वेळेवर मिळतील, अँगलच्या रकमेचे मात्र वजन झाल्यावर पाहू.

स्टँडचे काम याच अँगलसाठी अडले आहे, म्हणून वजनाला कोण आणि कधी येणार ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे काट्याजवळची जागा मोकळी करून दोन हमाल थांबवून ठेवता येतील.

आपला,
वर्कशॉपचा मालक