ताऱ्यांचा धडा: चार तिठे नि एक आडवाट

गुरुवारी निम्मा वर्ग जत्रेला गेलेला आणि सरांनी नेमका तेव्हाच ताऱ्यांचा धडा उरकला, आता सोमवारी टेस्ट, म्हणून माझ्या वहीतलं इथे टाकतेय. पाठ करायला बसू नका. तारा पुढे कुठे वळणार हे दर तिठ्यावर वस्तुमानच ठरवतं, फक्त दरवेळी *कशाचं* वस्तुमान ते बदलतं, आणि सगळे तिथेच घोळ घालतात (मीपण घातला, ८ आणि १.४ ची अदलाबदल केली). खालचे आकडे सूर्याच्या पटीत आहेत, म्हणजे ८ म्हणजे आठ सूर्य. आणि ते साधारण आहेत, ताऱ्यागणिक थोडे हलतात.

सुरुवात थंड वायू-धुळीच्या ढगापासून. तो स्वतःच्याच गुरुत्वाने आकसतो, आकसला की तापतो.

तिठा १. गोळ्याचं वस्तुमान ०.०८ च्या वर की खाली? वर असेल तर गाभा साधारण १ कोटी अंशापर्यंत तापतो, हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं आणि तारा पेटला. खाली असेल तर तेवढं तापायच्या आधीच आतले दाटलेले इलेक्ट्रॉन आकसणं थांबवतात आणि राहतो तपकिरी बटू, म्हणजे ओल्या लाकडाची चूल, धूर आहे जाळ नाही.

पेटलेला तारा मुख्य क्रमावर. गुरुत्व आत ओढतंय, दाब बाहेर ढकलतोय, बरोबरी. इथे तिठा नाही, पण किती दिवस टिकणार ते इथेच ठरतं. आपल्याला वाटतं मोठ्या ताऱ्याकडे इंधन जास्त म्हणजे तो जास्त जगणार, पण होतं उलटं, दहापट वस्तुमानाचा तारा हजारो पटींनी जास्त तेजाने जळतो म्हणून दोनतीन कोटी वर्षांत संपतो. सूर्याला १००० कोटी वर्षं मिळालीत, त्यातली ४६० कोटी झाली. टेस्टमध्ये हे "कारण द्या" म्हणून येणारच, बघाच.

तिठा २. गाभ्यातला हायड्रोजन संपला, आता हेलियम पेटेल का? त्याला १० कोटी अंश लागतात. ताऱ्याचं वस्तुमान अंदाजे ०.५ च्या खाली असेल तर तेवढं तापणं जमतच नाही, तो निवत निवत हेलियमचा श्वेत बटू होणार. होणार म्हणतेय कारण विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आणि एकट्या छोट्या ताऱ्याचा हायड्रोजन तेवढ्यात संपतच नाही, म्हणजे ही वाट अजून कोणी पुरी केलेली नाही! वर असेल तर बाहेरचे थर फुगून तांबडा राक्षसी तारा, आणि गाभ्यात हेलियमचा कार्बन नि ऑक्सिजन.

तिठा ३. ताऱ्याचं *जन्माचं* वस्तुमान ८ च्या खाली की वर? खाली असेल तर कार्बन पेटत नाही, बाहेरचे थर हळूहळू उडून जातात, गाभा उरतो तो श्वेत बटू. पृथ्वीएवढा आकार, वजन मात्र सूर्याच्या जवळपास. व्याधाचा जोडीदार असाच आहे. १९३० मध्ये १९ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी इंग्लंडला जाताना बोटीवर हेच गणित मांडलं होतं: श्वेत बटू १.४ पेक्षा जड असूच शकत नाही. म्हणजे ८ अख्ख्या ताऱ्याचा आणि १.४ उरलेल्या गाभ्याचा, वहीत लाल पेनाने लिहा.

वर असेल तर महाराक्षसी तारा. काल रात्री लाईट गेली तेव्हा गच्चीवरून मृगातली तांबूस काक्षी मस्त दिसली, ती ह्याच वाटेवर आहे. इथे कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन एकामागून एक जळतात आणि वेग बघा, २५ सूर्यांच्या ताऱ्याला हायड्रोजनला सत्तर लाख वर्षं लागतात आणि सिलिकॉन एका दिवसात खलास. मग लोखंड, आणि तिथे गाडी अडते, कारण लोखंड जोडून ऊर्जा सुटत नाही, उलट खर्च होते. लोखंडाचा गाभा १.४ च्या आसपास गेला की तो सेकंदाच्या आत कोसळतो, बाहेरचे थर सहसा स्फोटाने उडतात, हा सुपरनोव्हा.

तिठा ४. कोसळून *उरलेल्या* गाभ्याचं वस्तुमान किती? साधारण २ ते ३ च्या आत असेल तर न्यूट्रॉन तारा, जेमतेम २० किलोमीटरचा, म्हणजे पणजी ते म्हापसा नि थोडं पुढे, आणि त्यात सूर्यापेक्षा जास्त माल. १०५४ मध्ये चिनी लोकांनी नोंदवलेल्या स्फोटाच्या जागी आज कर्क तेजोमेघ आहे आणि त्याच्या मधोमध असाच एक तारा सेकंदाला ३० वेळा गिरकी घेतोय. २-३ च्या वर गेला तर न्यूट्रॉनही भार पेलत नाहीत, मग कृष्णविवर.

आता आडवाट, सरांनी शेवटच्या दोन मिनिटांत सांगितलेली. तिठा ३ वरचा श्वेत बटू एकटा असला तर नुसता निवत जातो, पण जोडीला दुसरा तारा असेल आणि त्याचा माल ओढत ओढत हा १.४ जवळ पोचला तर आतला कार्बन एकदम पेटून अख्खा बटूच उडतो. हाही सुपरनोव्हाच, पण ह्यात मागे गाभा उरत नाही, त्यामुळे तिठा ४ इथे लावू नका.

(आकृती बुधवारी काढून टाकते म्हटलेलं, पण आता पेन्सिल कोणी नेलीय ती आणून द्या आधी.)