तोच फोन, तीच जागा, दोन फोटो: वाईच्या घाटावर शिकूया उजेड, कोन आणि चौकट

(सुरुवातीलाच पडदा उभा दुभागलेला. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचा नंदी. डावीकडे पट्टी: आधी. उजवीकडे पट्टी: नंतर. दोन सेकंद नुसते फोटो, मग आवाज.)

नमस्कार मंडळी. हे दोन्ही फोटो एकाच फोनने काढलेत, एकाच सकाळी. फिल्टर नाही, एडिटिंग नाही. डावीकडचा नंदी राखाडी, चपटा दिसतोय आणि त्याच्यामागचं आभाळ पांढरंफटक झालंय. उजवीकडे दगडाचा काळा रंग खराखुरा काळा आलाय, गळ्यातल्या माळा उठून दिसतायत आणि पाठीवरची झिलईसुद्धा कळतेय.

(मी कॅमेऱ्यासमोर, मागे कृष्णेचा घाट.)

आपण वाईत आहोत, गणपती घाटावर. ढोल्या गणपतीच्या शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला हा नंदी. जानेवारीतली सकाळ आहे, पर्यटकांची गर्दी अजून व्हायची आहे. नवीन फोन घ्यायच्या आधी हातातल्या फोनमधून काय काय निघू शकतं, ते आज एकेक फोटो काढून बघू. प्रत्येक वेळी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी दिसेल. वाटेल तिथे व्हिडिओ थांबवा आणि नीट बघा.

पहिल्यांदा लेन्स पुसा. खिशातला फोन, त्यावर बोटांचं तेल.

(दुभागलेला पडदा. आधी: देवळाच्या दिव्याभोवती धुरकट पसरलेला उजेड. नंतर: तोच दिवा, ज्योत स्वच्छ.)

सुती कापडाने दोनदा गोल फिरवून पुसलं, एवढंच केलंय. पुढे चला.

(पडद्यावर मोठी अक्षरं: उजेड)

आता नंदीकडे परत जाऊ. डावीकडचा फोटो बिघडला कशामुळे? फोनचा कॅमेरा चौकटीतला उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम उजळ यावं असा हिशेब करतो. समोर काळाभोर दगड आला की त्याला वाटतं, इथे अंधार आहे. मग तो फोटो उजळवतो. दगड राखाडी होतो, आभाळ जळतं. पांढऱ्या साडीचं, पांढऱ्या गाईचं याच्या उलट होतं, त्या मळकट दिसतात.

(फोनचा पडदा जवळून. बोट नंदीच्या गळ्यावर टेकलेलं. पिवळा चौकोन, शेजारी सूर्याचं चिन्ह.)

बघा, नंदीच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. आयफोनवर वर AE/AF LOCK असं येतं, बहुतेक अँड्रॉइड फोनवर छोटं कुलूप दिसतं. आता शेजारचा सूर्य हळूच खाली ओढा. अजून थोडा. दगड काळा झाला की थांबा.

(आधी: सूर्य मधोमध. नंतर: सूर्य खाली ओढलेला. मधली रेघ डावीकडून उजवीकडे सरकते, दगडाचा रंग बदलताना दिसतो.)

हे अर्धं काम झालं. दुसरं अर्धं म्हणजे मी जागा बदलली. आधी उजेड माझ्या पाठीमागून सरळ नंदीच्या तोंडावर पडत होता. समोरून आलेला उजेड सगळ्या खाचाखोचा भरून टाकतो, कोरीव काम दिसेनासं होतं. मी चार पावलं बाजूला आले आणि उजेड कुशीवरून आला. आता प्रत्येक घुंगराला एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने सावली आहे. खोली दिसते ती सावलीमुळे. दगड, लाकूड, भाकरीचा पापुद्रा, आजीच्या हातावरच्या सुरकुत्या, पोत दाखवायचा असला की उजेड बाजूने घ्यायचा.

(घाटालगतची चहाची टपरी. काकू स्टोव्हपाशी.)

आता माणसाचा चेहरा. या टपरीवरच्या काकूंनी फोटोला आनंदाने होकार दिलाय. आणि हे आवर्जून सांगते, अनोळखी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही.

"काकू, आधी इथे उन्हात उभ्या राहता का जरा?"

"राहते की. पण ऊन लागतंय गं डोळ्याला."

(आधी: काकू उन्हात. डोळे बारीक, भुवयांखाली काळी सावली, कपाळ चमकलेलं.)

काकूंनीच दोष सांगितला. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि माणूस त्रासलेला दिसतो. आता त्यांना टपरीच्या छपराखाली घेऊ, पण अगदी कडेला. एक पाऊल पुढे गेलं की ऊन, एवढ्या कडेला.

"काकू, एक पाऊल आत. हां, आणि तोंड नदीकडे."

(नंतर: काकू सावलीत, चेहरा बाहेरच्या उजेडाकडे. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा लहानसा ठिपका.)

डोळे बघा. डोळ्यांत जो ठिपका दिसतोय ते समोरचं मोकळं आभाळ आहे. तो आला की चेहरा जिवंत वाटतो. मला विचाराल तर या सगळ्या व्हिडिओतला माझा सगळ्यात लाडका फोटो हाच. घरी हेच काम दार किंवा खिडकी करते. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नका, तोंड करून बसवा. आणि खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, पिवळ्या बल्बचा तांबूस. दोन्ही एकत्र आले की अर्धा गाल एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या.

(काकू कढईतून पोहे बशीत काढतात.)

पाठीमागचा उजेड नेहमी वाईटच असतो, असं मात्र नाही. गरम पोहे आलेत. समोरून उजेड घेतला तर वाफ दिसतच नाही.

(आधी: पोह्यांची बशी, समोरून फ्लॅश. शेंगदाणे चकाकतात, वाफ नाही, बशीच्या मागे काळी सावली.)

आता बशी फिरवून माझ्या आणि उन्हाच्या मध्ये ठेवली. मागे टपरीची अंधारी भिंत येईल अशी मी खाली बसले. ऊन मागून तिरकं येतंय, वाफेतून जातंय.

(नंतर: वाफेची पांढरी रेघ काळ्या भिंतीवर स्पष्ट. कोथिंबिरीच्या कडा उजळलेल्या, लिंबाची फोड आतून चमकते.)

वाफ दिसायला दोन गोष्टी लागतात, मागून उजेड आणि त्याच्याही मागे गडद रंग. बशीचा पुढचा भाग काळवंडला तर पांढरा कागद किंवा रुमाल समोर धरा, उजेड परतून पोह्यांवर येतो. शेजारी उभ्या असलेल्या दादांनी आत्ता वर्तमानपत्र धरलंय, तेही चालतं. घरून फराळ, मसाले, लोणची विकणाऱ्या ताईंनो, हा एक प्रयोग आज कराच. फ्लॅश बंद ठेवा.

(पडद्यावर मोठी अक्षरं: कोन)

आपण बहुतेक फोटो उभ्या उभ्या, छातीच्या उंचीवरून काढतो. म्हणून सगळ्यांचे फोटो सारखे दिसतात.

(स्ट्रॉबेरीची टोपली घाटाच्या पायरीवर. आधी: उभं राहून वरून काढलेला फोटो, अर्ध्या चौकटीत फरशी आणि माझ्या चपला. नंतर: फोन टोपलीच्या उंचीवर, पुढची स्ट्रॉबेरी मोठी, मागे घाट धूसर.)

पाचगणीकडून आलेली ही स्ट्रॉबेरी. मी पायरीवर बसले, फोन टोपलीच्या काठाला आणला. पुढच्या फळाच्या बिया मोजता येतील इतकं स्पष्ट, आणि मागे आपोआप देवळाचं शिखर आलं. लहान मुलं, मांजर, रोपं यांचे फोटो असेच, त्यांच्या उंचीला उतरून. भरलेलं ताट मात्र बरोबर वरून घ्या, वाट्यांचे गोल गोलच राहतात.

चेहऱ्याच्या बाबतीत अंतर फार महत्त्वाचं.

(आधी: दादांचा चेहरा हातभरावरून, नाक मोठं, कान मागे गेलेले. नंतर: तोच चेहरा, मी चार पावलं मागे, 2x वर.)

फोनची नेहमीची लेन्स रुंद दृश्य पकडणारी असते. तुम्ही जवळ गेलात की जे जवळ आहे ते फुगतं, म्हणजे नाक. मागे सरका आणि फोनमध्ये 2x असेल तर तो वापरा. 0.5x ने तर माणसाचा जवळून फोटो घेऊच नका. आणि ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई रुंद दिसतात त्याही याच लेन्समुळे, त्यांना मधे घ्या.

देवळाचं शिखर काढताना फोन वर उचलला की देऊळ मागे कलतं. लांब जा, फोन सरळ उभा धरा. जागा नसेल तर समोरच्या पायऱ्या चढून जा.

आणि ही माझी आवडती युक्ती. नदीपाशी बसा आणि फोन उलटा करा, लेन्स खाली, पाण्याला जवळजवळ टेकेल अशी.

(आधी: उभं राहून काढलेलं देऊळ, खाली पाण्याची पट्टी. नंतर: उलटा फोन पाण्यालगत, शिखर वर आणि खाली तितकंच प्रतिबिंब.)

पाणी तेच, फक्त लेन्स पाच फुटांवरून दोन बोटांवर आली. फोनची दोरी मनगटात घाला, शेवाळावरून पाय सांभाळा.

(पडद्यावर मोठी अक्षरं: चौकट)

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन Grid चालू करा. दोन आडव्या, दोन उभ्या रेघा येतात. त्यांचा पहिला उपयोग म्हणजे क्षितिज आणि खांब सरळ ठेवणं. नदी एका बाजूला वाहून जाताना दिसली तर बाकी कितीही छान असो, डोळा तिथेच अडकतो.

(आधी: तिरपी नदी, काकू मधोमध, डोक्यातून विजेचा खांब उगवलेला, कोपऱ्यात अर्धी प्लॅस्टिकची बादली. नंतर: नदी सरळ, काकू उजव्या रेघेवर, नजर डावीकडच्या मोकळ्या जागेत.)

इथे मी तीन गोष्टी बदलल्या. खांब हलवता येत नाही, म्हणून मी अर्धं पाऊल सरकले आणि तो काकूंच्या डोक्यामागून बाजूला झाला. बादली दादांनी उचलली. आणि काकू ज्या बाजूला बघतायत तिकडे जागा सोडली. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लावा. आपण चेहऱ्याकडे बघत बसतो आणि कचरा नेहमी कडेला असतो. माणूस कापायचाच असेल तर कमरेवर किंवा छातीवर कापा, मनगटावर, गुडघ्यावर, घोट्यावर नको.

ग्रिडच्या रेघेवरच सगळं ठेवायचं असा मात्र नियम करून घेऊ नका. नंदी समोरून काढला तेव्हा मी तो बरोबर मधोमध ठेवलाय, कारण मंडपाचे खांब दोन्हीकडे सारखे आहेत आणि ते त्याला धरून ठेवतात.

(आधी: नंदी एका बाजूला, एकच खांब, अर्धवट कमान. नंतर: दोन खांबांच्या मधे नंदी, वर कमान पूर्ण.)

खांब, कमान, दाराची चौकट, वडाच्या पारंब्या, असं काही जवळ असेल तर त्यातून बघा. सूर्य खाली ओढून कमान काळी राहू द्या, नजर थेट आतल्या उजेडाकडे जाते.

आता गृहपाठ. सकाळी चहाचा कप खिडकीत ठेवा. एक फोटो खिडकी तुमच्या पाठीमागे असताना, एक खिडकी बाजूला असताना, एक कपामागे असताना. तिन्ही शेजारी लावून मला पाठवा आणि वाफ कुठल्यात दिसली ते लिहा. पुढच्या भागात अंधार पडल्यावर, दिव्यांच्या उजेडात, फोन न हलवता फोटो कसे काढायचे ते इथेच, घाटावर करू.

(शेवटी काकूंचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी. काकू फोन हातात घेऊन बघतात.)

"हा दुसरा मला व्हॉट्सॲपवर टाक गं."

"टाकते काकू, नंबर सांगा."