तरणा की म्हातारा

3 जुलै, आलेला निरोप:

"हॅलो. मराठी कळतंय का? मागं एका ठिकाणी विचारलं तर दोनदा हिंदीतच बोलले, म्हणून फोन ठेवून दिला. कळत असंल तर सांगा. मिरग कोरडा गेला, आर्द्रानं झोडपलं, रान चिबडलंय. तीन एकर सोयाबीन घ्यायचंय, बी घरचं हाय. तरण्यावर पेरू का म्हाताऱ्याची वाट बघू? औसा तालुका. सूनबाई लिहून देतीय."

उत्तर:

राम राम काका,

तरण्यावरच पेरा, म्हाताऱ्याची वाट बघू नका. तरण्या पावसाचं पुनर्वसू नक्षत्र 5-6 जुलैला लागतंय, म्हणजे तोंडावर आलंय. म्हाताऱ्याचं पुष्य लागेपर्यंत 19-20 जुलै उजाडेल आणि सोयाबीनचा पेरा 15 जुलैच्या आत उरकायला हवा. त्यापुढं गेलं की शेंगा भरायच्या वेळी पावसानं पाठ फिरवायची भीती असते. दाणा बारीक राहतो आणि उताराच पडत नाही.

पण तरणा लागला म्हणून त्याच दिवशी तिफण जुंपू नका. चिबडलेल्या काळ्या रानात बी टाकलं तर ते उगवायच्या आधी कुजतं, आणि जे वाचतं त्याला वरची खपली फोडून निघता येत नाही. दोन-चार दिवस उघडीप मिळू द्या, पाणी साचलंय तिथं उताराच्या बाजूनं चर काढून वाट करून द्या. मग रानाच्या मधोमध जा, बांधाकडेला नको, तिथली माती आधी सुकते. वितीएवढं उकरून खालची माती मुठीत दाबा आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वापसा आला, घात साधा. थापटीसारखा चिकटून बसला तर अजून एक दिवस थांबा. हे तुम्हाला ठाऊकच असेल, तरी सांगते, कारण आर्द्रानं झोडपल्यावर वरचा थर वाळलेला दिसतो आणि खाली नुसता चिखल असतो. शेजाऱ्याची तिफण चालू झाली की जीव थाऱ्यावर राहत नाही, मला माहीत आहे, पण त्याचं रान माळाचं असेल, तुमचं खोलगट असेल.

आता सूनबाईंसाठी एक काम, आजच करा. घरच्या बियातले हाताला येतील ते 100 दाणे घ्या, निवडून टपोरे घेऊ नका, नाहीतर हिशेब चुकतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळेल इतकं नको. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब किती आले ते मोजा. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बी पुरेल. 60 आले तर 35 किलो धरा. 50 च्या खाली आले तर ते बी पेरू नका, नाहीतर खत, मजुरी आणि ही घात, तिन्ही वाया जातील. मोजणी होईपर्यंत तुमच्या रानात वापसाही आलेला असेल.

बी 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरनं पेरणार असाल तर पहिलं तास झालं की खाली उतरून बोटानं उकरून बघाच. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, म्हणून पोतं आपटू नका आणि बियाला औषध लावताना चोळू नका, हलक्या हातानं वरखाली करा. आधी बुरशीनाशक, मग पेरायच्या थोडं आधी रायझोबियम, 10 किलो बियाला 250 ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरा.

आणि तरणा एवढा लागून राहिला की 15 तारखेपर्यंत घातच आली नाही, तर हट्टानं सोयाबीन टाकू नका. तूर घ्या, सूर्यफूल किंवा बाजरी घ्या. मूग-उडदाची वेळ तेव्हा गेलेली असते.

जमलं तर सोयाबीनमध्ये तूर घालाच, चार ओळी सोयाबीन आणि दोन तूर. एक हुकलं तरी दुसरं हाती लागतं.

तुमचं रान खोलगट आहे का माळाकडचं, आणि पेरणी बैलाच्या तिफणीनं करणार का ट्रॅक्टरनं, तेवढं सूनबाईंना लिहायला सांगा. गोळा फुटला का नाही तेही कळवा.