महादेवला पत्र
प्रिय महादेव,

मागच्या महिन्यात मी तुला मच्छेतल्या एका जागेची जाहिरात पाठवली होती आणि तू फक्त ‘बघतो’ एवढेच उत्तर दिलेस. नंतर माझ्या लक्षात आले, की तू कसा आहेस हे न विचारताच मी तुला काम दाखवले होते. ते चुकले. त्यानंतर काय लिहावे हे न सुचल्याने मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याचा तू भलताच अर्थ लावला असशील, या विचाराने आज हे लिहायला बसलो आहे.

उद्यमबागेतले तुझे काम सुटल्यापासून बसस्टॉपवर, भाजीबाजारात, लग्नकार्यात जो भेटेल तो ‘काय, लागलं का कुठं?’ असेच विचारत असणार. त्या प्रश्नात मला भर घालायची नाही. कामाविषयी तुला कधी बोलावेसे वाटले तर मी ऐकेन, अर्ज कुणाला तरी एकदा वाचून दाखवावा असे वाटले तर वाचेन. पण तो विषय तू काढशील तेव्हाच निघेल, मी काढणार नाही.

मला खरे तर इतर गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. काकूंचा गुडघा आता जिना चढू देतो का? धाकटीची कबड्डी चालू आहे ना? आणि तो व्हर्नियर अजून तुझ्या खिशात असतो का? मागे टपरीवर तू त्याने भज्यांची जाडी मोजून ‘दोन मिलिमीटर कमी भरली’ असा निकाल दिला होतास आणि भजीवाल्याने खरोखरच आणखी एक भजे वाढले होते, हे मी आमच्या घरी अजून सांगतो.

येत्या रविवारी सकाळी मी राजहंसगडावर जाणार आहे. शिवरायांचा पुतळा उभा राहिल्यापासून तिथे उन्हे चढताच गर्दी होते, म्हणून साडेसहाला येळ्ळूरच्या वेशीपाशी पोहोचायचा विचार आहे. भात लावणी नुकतीच आटोपली असल्याने वरून शिवार छान दिसेल, सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन नऊपर्यंत परत फिरता येईल. तू आलास तर बरे वाटेल. नाष्ट्याचे पैसे मागच्या खेपेस तू दिले होतेस, तेव्हा या खेपेस माझी पाळी आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर तो गडावरच घालू.

येणे जमले नाही तर कारण कळवायची गरज नाही, या पत्राला उत्तर लिहायचीही नाही. मी वेशीपाशी पावणेसातपर्यंत थांबेन, मग एकटाच चढेन, आणि पुढच्या आठवड्यात सहज फोन करीन. पाऊस असला तर मात्र गड राहू दे, थेट आमच्याकडे ये. तुझ्या वहिनीने खानापूरहून आणलेल्या फणसाची सांडगी तळायची राहिली आहेत.

तुझा,
सदानंद