जात वैधता प्रमाणपत्र मिळाल्याने प्रवेशाची नोंद खुल्या प्रवर्गातून भज-क प्रवर्गात करण्याबाबत विनंती अर्ज

दि. 6 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापूर

अर्जदार : प्रथमेश दत्तात्रय मेटकरी, प्रथम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, तुकडी ब, हजेरी क्रमांक 42
सध्या राहणार जुळे सोलापूर, मूळ गाव ता. सांगोला, जि. सोलापूर

विषय : शैक्षणिक वर्ष 2025-26 मधील माझ्या प्रवेशाचा प्रवर्ग खुल्यावरून भटक्या जमाती-क (धनगर) असा बदलून मिळणे, आणि तोपर्यंत शुल्काचा उरलेला हप्ता थांबवणे याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, माझे जात वैधता प्रमाणपत्र 28 ऑक्टोबर 2025 रोजी मंजूर झाले आणि सोमवारी, 3 नोव्हेंबरला ते माझ्या हातात आले. त्याच दिवशी दुपारी मी ते घेऊन आपल्या प्रवेश विभागात गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी सगळे कागद नीट पाहिले, मूळ प्रत आणि झेरॉक्स ताडून पाहिली. प्रवर्ग बदलण्याचा अधिकार त्यांच्या टेबलाला नाही, साहेबांच्या नावे लेखी अर्ज द्या, असे त्यांनी सांगितले. म्हणून हा अर्ज करीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझी सगळी विनंती तिच्यावरच उभी आहे. मला जागा बदलून नको आहे, शाखाही बदलून नको आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत मला मिळालेली जागा खुल्या गुणवत्तेची आहे आणि ती माझ्या एमएचटी-सीईटीच्या गुणांवर मिळाली आहे. ती तशीच राहू द्यावी. राखीव जागेवर मी बसलेलो नाही, त्यामुळे माझी नोंद दुरुस्त केल्याने कोणत्याही विद्यार्थ्याची जागा जात नाही. माझे मागणे एवढेच की मी ज्या प्रवर्गाचा आहे तो प्रवर्ग माझ्या नावापुढे लागावा, आणि त्या प्रवर्गाला शासनाने दिलेली शुल्काची सवलत मला मिळावी.

प्रवेशाचा अर्ज भरताना मी भज-क हाच प्रवर्ग भरला होता. सोबत प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि पडताळणीसाठी अर्ज केल्याची पोच जोडली होती, आणि मुदतीत वैधता प्रमाणपत्र देईन असे हमीपत्रही दिले होते. मुदत संपली तरी प्रमाणपत्र निघाले नाही. मग माझ्या लॉगिनमध्ये प्रवर्गासमोर 'खुला' असे दिसू लागले. नियम तसाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या फेरीत खुल्या गुणवत्तेतून आपल्या महाविद्यालयात नाव लागले आणि मी प्रवेश निश्चित केला.

आता उशीर का झाला ते थोडे सविस्तर सांगतो. मी हलगर्जी केली असा समज आपला होऊ नये असे मला मनापासून वाटते.

पडताळणीचा अर्ज मी बारावीला असतानाच, 14 ऑगस्ट 2024 रोजी, कनिष्ठ महाविद्यालयामार्फत केला होता. आमच्या भावकीत याआधी कोणीच वैधता काढलेली नाही. वडिलांकडच्या नात्यात एखाद्याची जरी वैधता असती तरी काम सोपे झाले असते. भटक्या जमातीसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडे असा एकच कागद निघाला. तो म्हणजे आजोबांचा गावच्या शाळेतला 1954 सालचा प्रवेश निर्गम उतारा. आजोबा शाळेत जेमतेम दीड वर्ष गेले. पावसाळा सरला की घरातली मोठी माणसे मेंढरे घेऊन बाहेर पडायची, तेव्हा पोरांनाही सोबत न्यायची. त्यामुळे पुढच्या वर्गाची नोंदच नाही.

तो उतारा काढायला मी आणि वडील दोघे गेलो होतो. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पान उलटताना खालून पट्टी सरकवावी लागत होती. नावाच्या रकान्यात 'बाबू सिदू' एवढेच लिहिलेले, आडनाव नाही. जातीच्या रकान्यात 'हाटकर'. माझ्या दाखल्यावर जात 'धनगर' आणि आजोबांचे नाव 'बाबुराव सिद्राम मेटकरी'. हाटकर हा धनगरांतलाच पोटभेद आहे आणि शासनाच्या भज-क यादीत तो आहे. परंतु कागदावर दोन शब्द वेगळे आणि नावही अपुरे, म्हणून बाबू सिदू म्हणजेच बाबुराव मेटकरी हे सिद्ध करणे आले. प्रकरण दक्षता पथकाकडे गेले.

मार्चमध्ये पथकाचे अधिकारी गावी आले. आजोबा आता हयात नाहीत. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझ्या आत्याआजीचा जबाब झाला. कुलदैवत कोणते, लग्नात काय काय करता, सोयरिक कोणत्या गावांत, असे विचारले. आजी म्हणाली, आमचा देव बिरोबा, आणि दिवाळीला हुलजंतीला जायचे कधी चुकवले नाही. माझ्या वंशावळीत ज्यांची नावे मी टंकलेली पाहिली होती, ती सगळी तिने बोटांवर मोजून सांगितली. पुढे तलाठी कार्यालयातून 1973 चा वारसाचा फेरफार मिळाला, त्यात 'बाबू सिदू मेटकरी' असे पूर्ण नाव आहे. तो मी एप्रिलमध्ये सादर केला. जुलैत सुनावणी झाली, तिला मी आणि वडील हजर होतो. प्रत्येक तारखेला मी गेलो आहे आणि मागितलेला प्रत्येक कागद दिला आहे. त्याच्या पोचपावत्या तारखेच्या क्रमाने सोबत जोडल्या आहेत, त्या आपण पाहाव्यात.

सन 2000 चा जातीचे दाखले देणे व पडताळणी करणे याबाबतचा कायदा (2001 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23) सांगतो की दाखला पडताळणीला अधीन असतो. पडताळणी आता पूर्ण झाली आहे आणि दाखला खरा ठरला आहे. ज्या दिवशी मी प्रवेश अर्ज भरला त्या दिवशीही मी धनगरच होतो, फक्त ते दाखवणारा कागद तेव्हा तयार नव्हता.

घरची परिस्थितीही आपल्यासमोर ठेवतो. आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात एक एकर डाळिंब. यंदा बागेला तेल्या आला आणि माल जागेवर टाकून द्यावा लागला. तहसीलदारांच्या दाखल्याप्रमाणे वार्षिक उत्पन्न 1,20,000 रुपये आहे. आपल्या महाविद्यालयाचे माझे या वर्षीचे शुल्क 96,000 रुपये. त्यातले 30,000 वडिलांनी शेळ्या विकून प्रवेशावेळी भरले. उरलेल्या 66,000 साठी 30 नोव्हेंबर ही तारीख दिली आहे. खुल्या प्रवर्गातून मी आर्थिक मागासांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, तिच्यात माझे निम्मेच शिक्षण शुल्क माफ होते. भज-क विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आमच्या घरासाठी हा फरक पुढची तीन वर्षे शिकता येईल की नाही, एवढा मोठा आहे.

तरी आपणास पुढील विनंती करतो. महाविद्यालयाच्या प्रवेश नोंदवहीत माझा प्रवर्ग भज-क असा करावा आणि जागेचा प्रकार खुल्या गुणवत्तेचा असाच ठेवावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे जाणाऱ्या माझ्या पात्रता अर्जातही हाच प्रवर्ग लिहावा, म्हणजे पुढे गुणपत्रिकेपासून पदवीपर्यंत दोन ठिकाणी दोन प्रवर्ग असा घोळ होणार नाही. महाडीबीटीवर माझा शिष्यवृत्तीचा अर्ज सध्या महाविद्यालयाच्या लॉगिनला आहे. तो मंजूर करून पुढे पाठवू नये, मला परत पाठवावा. एकदा पुढे गेला की या वर्षी दुसऱ्या योजनेत अर्ज करणे अवघड होईल. तो परत आला की मी प्रोफाइलमध्ये प्रवर्ग दुरुस्त करून विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या योजनेत दोन दिवसांत नवा अर्ज भरतो. ही सर्वांत घाईची बाब आहे. बाकीच्या निर्णयाला वेळ लागला तरी चालेल, पण हा अर्ज या आठवड्यात परत मिळावा.

प्रवर्ग बदलण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या पातळीवर नसेल, तर माझा अर्ज आपल्या शिफारशीसह तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालकांकडे आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे पाठवावा, आणि त्या पत्राची एक प्रत मला द्यावी. मुंबईला किंवा पुण्याला स्वतः कागद घेऊन जावे लागले तर मी आणि वडील जायला तयार आहोत. फक्त महाविद्यालयाचे पत्र हातात असले पाहिजे, नुसत्या विद्यार्थ्याचा अर्ज तिथे कोणी घेत नाही.

निर्णय होईपर्यंत 66,000 रुपयांचा हप्ता थांबवावा आणि या कारणासाठी माझे परीक्षेचे फॉर्म किंवा हॉल तिकीट अडवू नये. वरिष्ठ कार्यालयाने विनंती नाकारली तर देय असलेले शुल्क मी चार हप्त्यांत भरीन. तसे हमीपत्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर वडिलांच्या सहीने जोडले आहे.

साहेब, माझा धाकटा भाऊ दहावीला आहे आणि चुलतबहीण बारावीला. माझ्या वैधतेवर आता त्यांचे अर्ज होतील. आत्याआजीला मी फोनवर सांगितले तेव्हा तिने पहिले हेच विचारले की आता कॉलेजात नाव नीट लागले का. तिला अजून उत्तर दिलेले नाही.

अर्ज स्वीकारून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख द्यावी ही विनंती. मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी मी बरोबर आणली आहेत. माझा मोबाईल क्रमांक प्रवेश अर्जात आहे तोच चालू आहे. वर्ग सुटल्यावर दुपारी तीननंतर केव्हाही बोलावले तर लगेच हजर होईन.

कळावे,

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
प्रथमेश दत्तात्रय मेटकरी

पालकाची सही : दत्तात्रय बाबुराव मेटकरी

सोबत : जात वैधता प्रमाणपत्र; जातीचा दाखला; 31 मार्च 2026 पर्यंतचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र; तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला; पडताळणी अर्जाची 14 ऑगस्ट 2024 ची पोच आणि त्यानंतरच्या सर्व पोचपावत्या; सुनावणीची नोटीस; जागावाटपाचे पत्र; 30,000 रुपये भरल्याची पावती; महाडीबीटी अर्जाची छापील प्रत; पालकाचे हमीपत्र. सर्व प्रती स्वसाक्षांकित.