रक्तदान शिबिर : रविवार, १५ मार्च २०२६

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

सोबतच्या छायाचित्रातील पत्रकानुसार रक्तदान शिबिर रविवार, दि. १५ मार्च २०२६ रोजी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत, ‘बी’ इमारतीच्या तळमजल्यावरील सभागृहात आयोजित करण्यात आले आहे. फोटो काढताना दिव्याचा झोत नेमका तारखेवर पडल्यामुळे १५ चा आकडा काहींना १६ असा वाटण्याची शक्यता आहे. सूचना फलकावरील मूळ पत्रकाशी ताडून पाहिले असता तारीख १५ हीच आहे. पत्रकात ‘सभागृह’ असा उल्लेख असल्याने कृपया गच्चीवरील हॉलमध्ये जाऊ नये.

वय १८ ते ६५ वर्षे आणि वजन किमान ४५ किलो असलेल्या निरोगी व्यक्तींना रक्तदान करता येईल; मात्र मागील रक्तदानास पुरुषांच्या बाबतीत तीन महिने आणि स्त्रियांच्या बाबतीत चार महिने पूर्ण झालेले असावेत. उपाशीपोटी येऊ नये, पुरेसे पाणी प्यावे आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे. नियमित औषधे घेणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

नावनोंदणी शिबिराच्या ठिकाणीच होणार असल्यामुळे ग्रुपवर नावे पाठवण्याची आवश्यकता नाही.

– व्यवस्थापन समिती