स्टेशनरी दुकानाच्या रोजच्या ऑफरसाठी खडू-फळ्याची पार्श्वभूमी

छोट्या स्टेशनरी दुकानाच्या दारात लावायच्या पाटीसाठी पार्श्वभूमीचे चित्र तयार कर. पाटीवरची ऑफर रोज बदलते आणि ती मी नंतर वेगळी टाकणार आहे, म्हणून चित्रात फक्त खडूचा फळा आणि कडेने हाताने काढलेली छोटी चित्रे हवीत. उभे चित्र, रुंदी आणि उंचीचे प्रमाण ३:४. फळा अगदी समोरून दिसावा. तिरका कोन, मागची भिंत, लाकडी चौकट यांपैकी काहीही नको, चारही कडांपर्यंत फळाच असावा. छापल्यावर कडा थोड्या कापल्या जातात आणि चौकट असली की ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक राहते.

फळ्याचा रंग काळाकुट्ट नको. रोज लिहून-पुसून झालेला फळा कधीच तसा दिसत नाही, त्यावर खडूची भुकटी बसून तो किंचित राखाडी होतो. #2B2F2E च्या आसपासचा रंग धर. डस्टर फिरवल्याच्या आडव्या, थोड्या वळणदार पुसट खुणा दिसू देत: कडांकडे जास्त, मध्यभागी जवळजवळ नाहीत. मात्र पुसलेल्या अक्षरांचे अवशेष अजिबात नकोत. मागे एका चित्रात ते आले होते आणि त्यावर लिहिलेली ऑफर दोनदा छापल्यासारखी दिसत होती.

मधली जागा पूर्ण मोकळी हवी, रुंदीच्या साधारण ७० टक्के आणि उंचीच्या ५५ टक्के. तिथे एकही रेघ, ठिपका किंवा चांदणी येऊ देऊ नकोस. लांबून येणाऱ्याची नजर आधी तिथेच जायला हवी. खाली मध्यभागी आणखी एक अरुंद पट्टा रिकामा ठेव, तिथे वेळ लिहायची असते.

आता चित्रे. वरच्या डाव्या कोपऱ्यात शार्पनर आणि त्यातून निघालेले पेन्सिलीचे लांब, गोल गुंडाळलेले साल. या सालाची कड नागमोडी असते आणि तिला पेन्सिलीच्या रंगाची बारीक किनार असते, ती पिवळ्या खडूने दाखव. सगळ्या चित्रांत हे सर्वांत मोठे आणि मन लावून काढलेले हवे. वर उजवीकडे एक कागदी विमान, त्याच्या मागे तुटक रेषेची एकच गिरकी. खाली डावीकडे स्पायरलची वही, पान अर्धवट उलटलेले, आणि तिला टेकून झिजलेला खोडरबर. खाली उजवीकडे उघडी कात्री, तिची टोके बाहेरच्या कडेकडे, मजकुराकडे नकोत. उरलेल्या जागेत दोन-तीन टाचण्या आणि एखादा बाण पुरे. चारही कोपरे सारखे भरू नकोस. डावी बाजू थोडी जड आणि उजवी मोकळी राहिली तरच ते कुणी हाताने काढल्यासारखे वाटेल.

रेघेवर माझा सगळ्यात जास्त भर आहे. ती खरी खडूची वाटली पाहिजे: सुरुवातीला दाबून काढलेली, पुढे हात हलका झाल्यावर विरळ होत गेलेली, खरबरीत जागी मध्येच तुटलेली. जाडी चित्राच्या रुंदीच्या शंभराव्या भागाएवढी ठेव. साल किंवा वहीच्या पानासारख्या एखाद्या ठिकाणी खडू आडवा धरून फिरवल्यासारखा रुंद, पुसट पट्टा चालेल. वर्तुळ पूर्ण जुळलेले नको, वहीच्या कडा थोड्या वाकड्या असू देत. एखाद्या ठिकाणी बोट लागून रेघ फरपटली असेल तर फारच छान.

मुख्य रंग पांढरा. पिवळा, फिका गुलाबी आणि फिका निळा हे तीनच जोडीला, तेही मोजक्या ठिकाणी. निळा खडू गडद फळ्यावर पटकन हरवतो, म्हणून तो फक्त विमानामागच्या गिरकीला वापर.

चित्रात कोणत्याही लिपीतले अक्षर, अंक किंवा चिन्ह नको, वहीच्या मुखपृष्ठावरसुद्धा नाही. आधीच्या चित्रांत देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरे आली होती, जोडाक्षरे तुटलेली आणि शिरोरेखा मध्येच सुटलेली. गिऱ्हाईक ती वाचायला थांबते आणि खरी ऑफर राहून जाते. म्हणूनच ऑफरचा मजकूर मी इथे देत नाही, दिला की तो चित्रात उतरतो.

चकाकी, निऑनसारखा उजेड, त्रिमितीय सावल्या, संगणकावर आखल्यासारख्या गुळगुळीत रेघा, फळ्यासमोर ठेवलेले खरे खडू किंवा लिहिणारा हात, यांतले काही नको. प्रकाश सगळीकडे सारखा, कोपरे काळवंडलेले नकोत.

चार नमुने दे. फळा चारही नमुन्यांत हाच ठेव, शार्पनर आणि सालही आहे तिथेच राहू दे. बाकीच्या चित्रांच्या जागा मात्र प्रत्येक नमुन्यात बदल.